शके १७९३ म्हणजे १८७१ की १८७२? (जुन्या खरेदीखतावरचा सन)

शुक्रवारपेठकर
नमस्कार मंडळी. शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या वाटण्या चालू आहेत. पणजोबांच्या वडिलांनी ज्या खरेदीखताने घर घेतलं, ते मोडीत आहे. मोडी वाचणाऱ्या एका ताईंकडून बाळबोधीत उतरवून घेतलं. पहिली ओळ अशी:

"शके १७९३ प्रजापती नाम संवत्सरे मार्गेश्वर वद्य ९ भृगुवासरे ते दिवशी..."

किंमत रुपये ३५०, लिहून देणाऱ्याची सही, चार साक्षीदार. वकिलांना इंग्रजी सन हवा आहे, कारण नोंदणी कार्यालयातल्या जुन्या सूच्या सनावार आहेत आणि शोध घेण्याचा अर्ज सन लिहूनच द्यावा लागतो. त्यांच्या कारकुनाने ७८ मिळवून १८७१ काढला. त्या सालच्या सूचीत आमचं नाव नाही. शोधणाऱ्याचं म्हणणं, "मग नोंदच झाली नसेल."

माझा प्रश्न एवढाच: १८७१ बरोबर आहे का? दुसरा सन बघायचा तर कुठला? आणि त्याला आधार काय द्यायचा? "फोरमवर एकांनी सांगितलं" हे वकील ऐकून घेणार नाहीत.

मीठभाकर
शके + ७८ = इसवी सन. शाळेत शिकलोय. १७९३ + ७८ = १८७१. कारकून बरोबर आहे, नोंद नसेल झाली. त्या काळात कोण जात होतं नोंदणीला?

नळस्टॉपवाली
@मीठभाकर, एवढं सोपं असतं तर शिवजयंतीचा घोळ झाला नसता. जन्मतिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१. तुमच्या सूत्राने १६२९ येतं. सरकारी तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे.
शक बदलतो गुढीपाडव्याला, इंग्रजी सन बदलतो १ जानेवारीला. मधल्या तीन महिन्यांत शक जुनाच असतो आणि सन पुढे गेलेला असतो. तेव्हा ७९ मिळवायचे. मला शिकवलेला नियम असा: चैत्र ते मार्गशीर्ष ७८, पौष ते फाल्गुन ७९. त्यामुळे तुमचा मार्गशीर्ष असेल तर १८७१ च. (मार्गेश्वर म्हणजे मार्गशीर्षच ना?)

शुक्रवारपेठकर
हो, मोडी वाचणाऱ्या ताईही तेच म्हणाल्या, जुन्या कागदांत मार्गशीर्षाला मार्गेश्वर सर्रास लिहितात. म्हणजे १८७१ वर शिक्का?

टिळकरोडवाला
थांबा थांबा. माझ्याकडे पक्का पुरावा आहे. माझ्या नावातल्या बदलाची जाहिरात महाराष्ट्र शासन राजपत्रात आली, त्यावर दोन्ही तारखा छापल्या आहेत: मार्च ३, २०१६ आणि फाल्गुन १३, शके १९३७. या हिशोबाने १ जानेवारीला पौष ११ येतो. दर वर्षी, न चुकता. म्हणजे पौष १० पर्यंत ७८ आणि पौष ११ पासून ७९. मार्गशीर्ष सगळा डिसेंबरच्या आत. सरकारच छापतंय, आणखी काय पाहिजे?

दफ्तरी
टिळकरोडवाले, तुमच्या राजपत्रावरचा शक आणि या खरेदीखतावरचा शक यांचा आकडा एका रांगेतला असला तरी दिनदर्शिका वेगळ्या आहेत. राजपत्रावर आहे ती राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. ती २२ मार्च १९५७ ला चैत्र १, शके १८७९ म्हणून सुरू झाली. तिच्यात महिने सूर्यावर बांधलेले, म्हणून पौष ११ ला १ जानेवारी हे न चुकता जमतं. तुमच्या कात्रणात "शुद्ध" किंवा "वद्य" कुठे दिसतंय का बघा. दिसणार नाही, नुसता आकडा असेल. ज्या कागदावर शुद्ध-वद्य आहे तो चांद्र पंचांगाचा, आणि १९५७ च्या आधीचा कुठलाही कागद राजपत्राच्या हिशोबाने मोजायचा नाही.

नळस्टॉपवाली ताईंचा नियम बऱ्याचदा चालतो, पण नेमका या कागदाला लावायचा नाही. चांद्र महिना इंग्रजी तारखांवर पुढेमागे सरकत असतो. अधिक महिना आला की पुढचे सगळे महिने उशिरा येतात. कार्तिक संपेपर्यंत १ जानेवारी कधी येत नाही, तिथपर्यंत डोळे मिटून ७८. माघ नि फाल्गुन नेहमी १ जानेवारीनंतरच, तिथे ७९. मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने मात्र त्या त्या वर्षी बघावे लागतात.

तुमच्या कागदाचं वर्ष नेमकं अडचणीचं आहे. मला ते १८७२ वाटतंय. संध्याकाळी नीट मांडून लिहितो, आता बँकेत रांगेत उभा आहे.

मीठभाकर
पौषात पण ७८ लागतात? उदाहरण द्या की.

भिडेपुलाखाली
दफ्तरीकाका रांगेत. आता संध्याकाळपर्यंत धागा पानिपतावर जाणार, लिहून ठेवा.

नळस्टॉपवाली
पानिपतच आठवलं मला! पौष शुद्ध ८, शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. १६८२ + ७९ = १७६१. पौष आणि ७९, माझा नियम बसतोय की.

दफ्तरी
बसतोय, पण त्यात एक गंमत दडलेली आहे. पौष शुद्ध ८ जर १४ जानेवारीला, तर पौष सुरू झाला ७ जानेवारीच्या सुमारास. मग १ ते ६ जानेवारी १७६१ या दिवसांना महिना कुठला होता? मार्गशीर्ष. म्हणजे तुमच्याच उदाहरणात मार्गशीर्षाच्या शेवटच्या दिवसांना ७९ लागतात.

आता मीठभाकरांना हवं ते उलटं उदाहरण. २२ डिसेंबर १८७० ला खग्रास सूर्यग्रहण होतं, स्पेन-सिसिलीकडे दिसलं. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, तेव्हा ती अमावास्या ठरली. ती होती मार्गशीर्ष अमावास्या, शके १७९२. दुसऱ्या दिवशी, २३ डिसेंबरला, पौष शुद्ध प्रतिपदा. म्हणजे पौषाचे पहिले नऊ दिवस १८७० मध्येच गेले आणि तिथे १७९२ + ७८ चाललं. त्याच पौषाच्या वद्य पक्षाला मात्र ७९.

आता शुक्रवारपेठकरांचा शके १७९३. हे त्याच्या लगतचं वर्ष, म्हणून मी ग्रहणावर आलो. पुढचं मोठं ग्रहण १२ डिसेंबर १८७१, मंगळवार, सकाळी. हे आपल्याकडचं, दक्षिण भारतात खग्रास होतं, फ्रान्स-इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ बोटीने आले होते बघायला. म्हणजे १२ डिसेंबर १८७१ ला अमावास्या, एवढं पंचांग न उघडताही पक्कं.

आता ती अमावास्या कुठल्या महिन्याची? मकरसंक्रांत ज्या चांद्र महिन्यात येते तो पौष, ही खूण धरायची. संक्रांत तेव्हा १४ जानेवारीला नव्हती. ती सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी संक्रांत होती, हे बहुतेकांना माहीत आहे. १८७२ मध्येही ती १२-१३ जानेवारीलाच. आता १२ डिसेंबरपासून पुढे मोजा: पुढची अमावास्या साडेएकोणतीस दिवसांनी, म्हणजे १० जानेवारी १८७२. त्यानंतर ११ जानेवारीला जो महिना लागला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संक्रांत. तो पौष. मग त्याच्या आधीचा, १३ डिसेंबर १८७१ ते १० जानेवारी १८७२ हा मार्गशीर्ष.

मार्गशीर्ष शुद्ध १ ला १३ डिसेंबर. वद्य ९ ही महिन्यातली चोविसावी तिथी. १३ डिसेंबर धरून चोवीस मोजले की येते ५ जानेवारी १८७२.

शुक्रवारपेठकर
काका, मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, ५ जानेवारीच येते. पण तिथी नि दिवस सारखे नसतात ना? क्षय-वृद्धी असते. एखादा दिवस चुकला तर?

दफ्तरी
चुकू शकतो, म्हणून लिहिणाऱ्याने वार घातलाय. भृगुवासर म्हणजे शुक्रवार. जुन्या कागदांत भानुवासर, इंदुवासर, भौमवासर, सौम्यवासर, गुरुवासर, भृगुवासर, मंदवासर असे वार येतात, रविवारपासून ओळीने. तिथी मोजून आलेली तारीख एखाद्या दिवसाने सरकली असेल तर वार लगेच चुकतो. ५ जानेवारी १८७२ ला कुठला वार होता ते बघा.

पर्वतीपायथा
हे काम माझं. लिनक्स असलेल्या बहुतेक संगणकांवर टर्मिनल उघडून:

```
cal 1 1872
```

१ जानेवारी सोमवार. ५ ला शुक्रवार. जुळलं.
मोबाइलमधली काही कॅलेंडरं इतकी मागे जात नाहीत, म्हणून हा मार्ग.

मीठभाकर
वार तर सातातून एकदा योगायोगानेही जुळतो. त्यात काय?

दफ्तरी
रास्त शंका. म्हणून उलटी तपासणीही करायची. कारकुनाचं १८७१ खरं मानू. मग मार्गशीर्ष वद्य ९ ही तारीख १२ डिसेंबरच्या ग्रहणाच्या अमावास्येआधी यायला हवी, कारण त्याच्या पुढची वद्य नवमी जानेवारीतच पडते. ती येते ६-७ डिसेंबर १८७१, बुधवार-गुरुवार. शुक्रवार येत नाही. शिवाय ती मार्गशीर्षाची नव्हे, कार्तिकाची वद्य नवमी. दोन्ही बाजूंनी १८७१ पडतो.

आणखी एक गोष्ट आधीच तपासायला हवी होती, ती म्हणजे १७९३ हा आकडा नीट वाचला गेलाय का. मोडीत घाईने लिहिलेले आकडे दगा देतात, शाई उडालेली असली तर विचारूच नका. त्यासाठी संवत्सराचं नाव आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागा. १८०५ ला ६० ने भागलं की बाकी ५. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती, पाचवा प्रजापती. म्हणजे आकडा बरोबर वाचलाय. तो १७९२ असता तर प्रमोद आला असता, १७९८ असता तर दहावा धाता. राज्याभिषेकाचा शके १५९६ घेऊन बघा, बाकी ४८, आनंद. बसतं.

पण संवत्सराने डिसेंबर-जानेवारीचा प्रश्न सुटत नाही. तोही पाडव्यालाच बदलतो, शकाबरोबर.

टिळकरोडवाला
काका, ज्युलियन-ग्रेगोरियनचं काय? दहा-अकरा दिवसांचा फरक असतो म्हणे.

दफ्तरी
शिवकालाच्या तारखा लिहिताना तो प्रश्न येतो. १८७२ ला नाही, इंग्रजांनी १७५२ मध्येच कॅलेंडर बदललं होतं.

रविवारपेठ_चोपडा
विषय निघालाच आहे तर आमचंही बघा. आम्ही मूळचे मारवाडकडचे, चार पिढ्या पुण्यात, रविवार पेठेत भुसारी माल. आजोबांच्या आजोबांच्या वह्या आहेत, विक्रम संवताच्या. एका उधारीच्या नोंदीवर "संवत १९५६ श्रावण सुद ११ सोम" आहे. घरातले म्हणतात ५७ वजा करा, १८९९. नात्यातले एक गुजराती व्याही म्हणतात ५६ वजा करा, १९००. दोघंही ठाम आहेत. छप्पन्नाचा दुष्काळ आमच्याकडे अजून म्हणीत आहे, त्यामुळे नोंद दुष्काळाच्या आधीची की नंतरची हे कळलं तर बरं वाटेल.

भिडेपुलाखाली
व्याह्यांशी वाद जिंकण्यासाठी पंचांग उघडणारे तुम्ही पहिले नव्हे.

नळस्टॉपवाली
विक्रम संवतात तर १३५ वजा केले की शक मिळतो ना? मग वरचंच सगळं लावा.

दफ्तरी
ताई, १३५ चैत्रात वर्ष बदलणाऱ्या संवतासाठी. उत्तरेकडे संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत दिवाळीच्या पाडव्याला, कार्तिक शुद्ध १ ला. त्यामुळे कार्तिक ते फाल्गुन दोघांचा आकडा एकच असतो आणि चैत्र ते आश्विन गुजरातचा आकडा एकाने मागे राहतो. श्रावण नेमका या दुसऱ्या टप्प्यात येतो, म्हणून तुमचे घरचे नि व्याही दोघंही आपापल्या गावी बरोबर आहेत. चैत्रातल्या हिशोबाने संवत १९५६ चा श्रावण ऑगस्ट १८९९ मध्ये, कार्तिकातल्या हिशोबाने ऑगस्ट १९०० मध्ये.

दुष्काळाच्या नावातही हाच घोळ आहे. पाऊस गेला तो १८९९ चा. मारवाडात तो पावसाळा १९५६ चाच होता. गुजरातेत तो १९५५ चा शेवट होता, आणि दिवाळीनंतर १९५६ लागला तेव्हा भुकेचे दिवस सुरू झालेले होते. नाव दोन्हीकडे छप्पन्नाचंच पडलं.

तुमच्या वह्यांचा संवत कुठला हे आडनावावरून ठरवू नका. चार पिढ्या पुण्यात आहात, कोणाची पद्धत घेतली असेल सांगता येत नाही. वहीच बघा. दिवाळीच्या आसपासची पानं उलटा. कार्तिक सुद १ ला संवताचा आकडा बदलतो का? की फाल्गुन संपून चैत्र सुद १ ला बदलतो?

रविवारपेठ_चोपडा
बघितलं. वही दिवाळीलाच नवी होते, लक्ष्मीपूजनाच्या पानावर कुंकवाचे बोट उमटलेत अजून. आणि कार्तिक सुद १ ला आकडा १९५६ चा १९५७ होतो. पण दिवाळीची अमावास्या "काती बदी ३०" अशी लिहिली आहे! ही तर मारवाडी पद्धत. गुजराती आसो वद लिहितात. मग आता?

पर्वतीपायथा
म्हणजे काती बदी १९५६ मध्ये आणि दुसऱ्याच दिवशी काती सुद १९५७ मध्ये? एकाच वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटाला काती?

दफ्तरी
अगदी तसंच. दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्यात, त्या सुट्या करा. वर्षाचा आकडा कधी बदलतो ही एक. महिना पौर्णिमेला संपतो की अमावास्येला ही दुसरी. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडचा वद्य पक्ष आपल्यापेक्षा एक नाव पुढे असतो. आपला आश्विन वद्य तो त्यांचा काती बदी. सुद पक्षाचं नाव सगळीकडे एकच.

तुमच्या पूर्वजांनी महिन्यांची नावं गावाकडची ठेवली आणि वर्ष दिवाळीला बदललं. नोंद श्रावण सुदची आहे, त्यामुळे महिन्याच्या नावाचा घोळ तिला लागत नाही. वर्ष दिवाळीला बदलतं, म्हणून ५६ वजा. १९००. वारानेही बघा: श्रावण सुद ११ ही १९०० मध्ये ६ ऑगस्टच्या सुमारास, सोमवार. १८९९ मध्ये १७ ऑगस्टच्या सुमारास, गुरुवार. तुमच्या नोंदीत सोम आहे. व्याही जिंकले.

मात्र त्याच वहीतली बदीची एखादी तारीख काढायची असेल तेव्हा महिना एकाने मागे घ्यायला विसरू नका, नाहीतर सन बरोबर येईल आणि तारीख महिनाभर चुकेल.

रविवारपेठ_चोपडा
म्हणजे उधारी दुष्काळ सोसून झाल्यावरची. वसूल झाल्याचं कुठे दिसत नाही. व्याह्यांना इतक्यात सांगत नाही.

शुक्रवारपेठकर
दफ्तरीकाका, वकिलांना तुमचा ग्रहणाचा हिशोब दाखवला. त्यांना आवडला, पण म्हणाले कोर्टात ग्रहण नको, छापील आधार द्या.

दफ्तरी
बरोबर आहे त्यांचं. ग्रहण हा आपल्या घरच्या खात्रीसाठी. रॉबर्ट सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे १८९६ चे कोष्टक आहेत, इसवी ३०० ते १९०० पर्यंतचे. दीक्षित आपल्या पुण्यात शिक्षक होते. त्यात शके १७९३ ची ओळ काढली की चैत्र कधी लागला आणि अधिक महिना पडला का ते मिळतं, त्यावरून तिथीची तारीख निघते. तुमच्या वर्षी अधिक महिना होताच. त्याशिवाय आदल्या वर्षी २३ डिसेंबरला लागलेला पौष या वर्षी ११ जानेवारीपर्यंत लांबला नसता. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जा, कोष्टकं आणि जंत्र्या तिथे विचारा. जंत्रीत तर तिथी आणि तारीख शेजारी-शेजारी छापलेली असते, मोजायलाच नको. पानाची प्रत घ्या आणि मुखपृष्ठाचीही घ्या, वकील नंतर तीच मागतात.

पण त्याहून आधी एक करा. खरेदीखत मुद्रांकावर आहे ना? त्याची मागची बाजू बघितली का? मुद्रांक विकणारा बहुधा मागे शेरा मारायचा, कोणाला, किती किमतीचा, कुठल्या तारखेला विकला. तो शेरा बऱ्याचदा इंग्रजी तारखेचा असतो. तारीख डिसेंबर १८७१ ची असली तरी घाबरू नका. कागद आधी घेऊन लेख नंतर लिहिणं नेहमीचं आहे.

मीठभाकर
मग मुद्रांक डिसेंबर ७१ चा निघाला तर परत वाद सुरू. एकजण म्हणेल लेख ७१ चा, दुसरा ७२ चा.

दफ्तरी
लेखाची तारीख लेखातली. मुद्रांक त्याच्या आधी घेतलेला असायलाच हवा. मुद्रांक ५ जानेवारीनंतरचा निघाला, तर मात्र माझा हिशोब मोडला असं समजा.

नळस्टॉपवाली
पण एक सांगा, १८७२ च्या सूचीतही सापडलं नाही तर? नोंदणी नंतर केव्हातरी होत असेल ना?

दफ्तरी
लेख लिहिल्यावर काही महिन्यांची मुदत असायची, म्हणून पूर्ण १८७२ बघावा, फक्त जानेवारी नाही. ३५० रुपयांचा व्यवहार आहे. शंभराच्या वरच्या घर-जमिनीच्या खरेदीला तेव्हा नोंदणी सक्तीची होती, त्यामुळे "कोण जात होतं" असं या बाबतीत म्हणता येणार नाही. नोंद झालेली असेल तर खतावरच नोंदणीचा शेरा आणि अनुक्रमांक हवा. तोही बहुधा मागे किंवा शेवटच्या पानावर असतो.

शुक्रवारपेठकर
माझ्याकडे आहे ती फक्त पुढच्या बाजूची झेरॉक्स! मोडी वाचणाऱ्या ताईंनाही तीच दिली होती. मूळ कागद सासवडला चुलत काकांकडे ट्रंकेत आहे, आणि वाटण्यांवरून सध्या त्यांच्याशी बोलणं जरा... असो. दोन्ही बाजूंचे फोटो मागवते. वकिलांना १८७२ च्या सूचीचा अर्ज करायला सांगितला आहे, अर्जात "दि. ५ जानेवारी १८७२ (शके १७९३ मार्गशीर्ष वद्य ९)" असं दोन्ही लिहून.

मीठभाकर
कारकुनाला सांगा, कार्तिकापर्यंतच ७८. बाकी मी अजूनही म्हणतो, मुद्रांक बघितल्याशिवाय खरं नाही.

टिळकरोडवाला
माझं राजपत्र मी परत फायलीत ठेवलंय. काका, आजीच्या जन्माची टिपणी आहे, "पौष शुद्ध १४ शके १८५०". आजी सगळ्यांना १९२८ सांगायची. वार दिलेला नाही. हे कसं बघायचं?

दफ्तरी
त्या वर्षीचा पौष कधी लागला ते बघावं लागेल. शुद्ध १४ म्हणजे पौर्णिमेच्या आदला दिवस. डिसेंबर १९२८ आणि जानेवारी १९२९ च्या पौर्णिमा काढा, आणि मकरसंक्रांत कुठल्या महिन्यात येते ते वरच्यासारखं तपासा. तुम्ही काढून इथे टाका, मी बघतो.